शेत आणि कॉलेजच्या फिल्मसाठी ड्रोनची दृश्यं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सातारा–सांगली)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून शेतकरी, संस्थाचालक आणि नव्याने काम सुरू केलेले कॅमेरावाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण घेतलंय : तासगाव भागातली पाच एकरांची द्राक्षबाग. बाग दक्षिणोत्तर २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. ओळी दक्षिणोत्तर. पूर्वेच्या बांधाला लागून रस्ता आणि ११ केव्हीची लाईन. वायव्य कोपऱ्यात विहीर, नैर्ऋत्येला घर आणि बेदाण्याचं शेड. तुमची बाग वेगळी असेल, पण हिशोब असाच मांडायचा.

१. तीन मिनिटांच्या फिल्मला ड्रोनचे किती शॉट लागतात?

पाच पुरतात. तीन मिनिटांत हवेतून घेतलेलं चित्र ३५ ते ४० सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं, की बघणारा कंटाळतो. त्याला माणसं, हात, द्राक्षाचा घड जवळून बघायचा असतो. एडिटमध्ये एक शॉट सात-आठ सेकंद टिकतो. "उडवू आणि मिळेल ते घेऊ" असं ठरवून गेलात, तर बॅटऱ्या संपतात आणि हाती येतात त्याच उंचीवरचे, त्याच वेगाचे वीस तुकडे. म्हणून प्रत्येक शॉट कागदावर एका वाक्यात लिहा : कुठून कुठे, किती उंचीवर, कॅमेरा कुठे बघतोय, ऊन कुठून येतंय. हे वाक्य लिहिता येत नसेल, तर तो शॉट अजून ठरलेला नाही.

२. आमच्या बागेचे पाच शॉट नेमके कसे ठरवायचे?

उदाहरणातली बाग घेऊ. आधी मोबाईलवरच्या उपग्रह नकाशाचा प्रिंट काढून त्यावर लाईनचे खांब, विहीर, शेड, नारळ-आंब्याची उंच झाडं आणि टेकऑफची जागा लाल पेनाने मांडायची. नकाशा जुना असू शकतो, म्हणून बांधावरून एक फेरी मारूनच खुणा पक्क्या करा. नवीन खांब किंवा शेजाऱ्याने ओढलेली मोटारीची केबल नकाशावर नसते.

पहिला शॉट सकाळचा. मधल्या ओळीवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ पुढे. मांडव साधारण दोन मीटर उंच असतो, म्हणून ड्रोन पाच मीटरवर. वेग सेकंदाला तीन मीटर, म्हणजे साठ मीटरला वीस सेकंद. ऊन पूर्वेकडून आडवं येत असल्याने प्रत्येक ओळीची सावली शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात पडते आणि ओळी उठून दिसतात. हाच शॉट दुपारी बारा वाजता घेतला तर हिरवी चादर दिसेल, ओळी दिसणार नाहीत.

दुसरा शॉट उलगडण्याचा. घराच्या मागे सहा मीटरवर सुरुवात, फ्रेममध्ये फक्त छप्पर. मग सरळ वर, सेकंदाला दीड मीटरने चाळीस मीटरपर्यंत. छपरामागून बाग हळूहळू वर येते. याला २३ सेकंद लागतात. कॅमेरा सुरुवातीला थोडा खाली झुकलेला आणि चढताना सावकाश वर. दोन्ही अंगठे एकाच वेळी सावकाश चालवायला सराव लागतो, म्हणून हा शॉट तीनदा घ्यायचाच.

तिसरा विहिरीभोवती. पूर्ण गोल फेरी घेऊ नका. तीस मीटर त्रिज्येच्या पूर्ण फेरीचा परीघ १८८ मीटर होतो. सेकंदाला चार मीटरने पाऊण मिनिटाच्या वर जातं आणि एडिटमध्ये त्यातले आठ सेकंदच राहतात. पाव फेरी घ्या : ४७ मीटर, बारा सेकंद. ती बागेच्या आतल्या बाजूने फिरवा. बाहेरच्या बाजूला शेजाऱ्याचं रान आणि त्याची झाडं येतात.

चौथा सरळ खाली बघणारा, ओळींच्या दिशेने. याचा हिशोब वेगळा असल्याने प्रश्न ३ मध्ये दिलाय. पाचवा संध्याकाळचा : शेडसमोरून मागे मागे पश्चिमेला जात वर ऐंशी मीटरपर्यंत. कॅमेरा पूर्वेला बघतो, मावळतीचं ऊन त्याच्या पाठीमागून येतं आणि बागेवर सोनेरी उजेड पडतो. सकाळी हाच शॉट घेतला तर सूर्य थेट लेन्समध्ये येईल. मागे जाताना पश्चिमेच्या बाजूला लाईन नाही हेही या दिशेचं कारण आहे.

३. वरून सरळ खाली बघून संपूर्ण शेत एकाच फ्रेममध्ये येईल का?

पाच एकर आयताकृती असेल तर बहुतेक नाही. नेहमीच्या ड्रोनची लेन्स २४ मिलिमीटरच्या आसपासची असते. सोपा अंदाज असा : जेवढी उंची, त्याच्या सुमारे दीडपट जमीन फ्रेमच्या रुंदीत येते. साठ मीटरवरून ९० बाय ५० मीटर, ऐंशीवरून १२० बाय ६७. आपली बाग २०० मीटर लांब. ती लांबीच्या बाजूने भरायची तर १३३ मीटर उंची लागेल आणि सरकारच्या ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात मर्यादा १२० मीटर, म्हणजे ४०० फूट आहे. १२० वरून १८० मीटर दिसतात, दोन्ही टोकं कापली जातात.

उपाय दोन. पश्चिमेच्या बांधापासून सुमारे सव्वाशे मीटर बाहेर सरकून ६० मीटरवरून कॅमेरा तिरका ठेवा. पूर्ण बाग मावते आणि क्षितिजही मिळतं. किंवा साठ मीटरवरून सरळ खाली बघत ओळींच्या दिशेने पुढे सरका आणि शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहू द्या. आमच्या मते दुसरा चांगला, कारण पूर्ण सीमा दाखवणारं चित्र जमिनीच्या मोजणीच्या नकाशासारखं दिसतं.

४. ओळींवरून जाताना व्हिडिओ झिलमिलतो, पट्टे फिरताना दिसतात. कॅमेरा खराब आहे का?

नाही. द्राक्षाच्या ओळी, बांधलेली पक्ष्यांची जाळी, उसाची पानं, कॉलेजच्या खिडक्यांची गजं या सगळ्यांत बारीक, समान अंतराची रेघ असते. ती सेन्सरच्या ठिपक्यांशी जुळते आणि भलत्याच लाटा दिसतात. आडवं जाण्याऐवजी ओळींच्या दिशेने जा, उंची पाच-दहा मीटरने बदला आणि कॅमेऱ्यातली शार्पनेस एक-दोन पायऱ्या कमी करा. उसाच्या तुऱ्यांवरून भरधाव गेलात तर फाईलही चिखलासारखी होते, कारण प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं आणि साठवायला डेटा पुरत नाही. तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय.

झटक्यांचा प्रश्न वेगळा. चित्र तुटक वाटत असेल तर शटर फार वेगात आहे. २५ फ्रेमवर शूट करताना शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या जवळ हवं. भर उन्हात एफ २.८ आणि आयएसओ १०० ला शटर सुमारे १/३२०० सेकंदापर्यंत पळतं. ते खाली आणायला सहा स्टॉपचा, म्हणजे ६४ क्रमांकाचा, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात १६ क्रमांकाचा पुरतो. फिल्टर टेकऑफच्या आधीच लावा. चालू मोटारीजवळ हात नेऊ नका.

५. बॅटऱ्या किती न्यायच्या?

खोक्यावर तीस मिनिटं लिहिलेलं असेल, तर हिशोब अठरा मिनिटांचा धरा. ती संख्या वारा नसताना, बॅटरी शून्यावर येईपर्यंत मोजलेली असते. आपल्याला ३० टक्क्यांवर उतरायचं असतं.

एक शॉट तीनदा घ्यायचा म्हटलं की प्रत्यक्ष उड्डाण वीस सेकंदांचं, पण पुन्हा सुरुवातीच्या जागी येणं, फ्रेम जुळवणं, थांबून स्थिर होणं धरून पाच मिनिटं जातात. म्हणजे एका बॅटरीत तीन शॉट. उदाहरणातले चार सकाळचे आणि एक संध्याकाळचा. सकाळी पहिले तीन एका बॅटरीत, चौथा दुसऱ्या बॅटरीत, संध्याकाळचा तिसरीवर. चौथी राखीव, तिचा उपयोग नाही झाला तर उत्तमच. शॉटचा क्रम अंतराने लावा : जो शॉट टेकऑफपासून सर्वांत लांब आहे तो बॅटरी भरलेली असताना, जवळचे शेवटी.

मार्च-एप्रिलमध्ये एक अडचण येते. बहुतेक ड्रोन ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात आणि गरम बॅटरी थंड होईपर्यंत चार्ज होत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवू नका, सावलीत कापडाखाली ठेवा. आणि वारा : जमिनीवर पानं हलत नसली तरी साठ मीटरवर चांगला वारा असतो. जाताना पाठीवर वारा घेऊन गेलात तर येताना तोच समोर येतो आणि बॅटरी जास्त वेगाने उतरते. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जा, परतताना वाऱ्याची मदत घ्या.

६. कोणत्या परवानग्या लागतात?

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. फिल्मसाठी येणारे बहुतेक ड्रोन २५० ग्रॅम ते २ किलो या मायक्रो गटातले असतात. अशा ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा, आणि पैसे घेऊन काम करणार असाल तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. ड्रोनवाल्याला इसार देण्याआधी नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्र आणि तिसऱ्या पक्षाचा विमा असे तीन कागद मागा. "आपलीच माणसं आहेत, काही होत नाही" हे उत्तर म्हणजे कागद नाहीत असं समजायचं. २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करायला बंदी आहे, त्यामुळे कोणी बाहेरून आणलेला नवाकोरा ड्रोन दाखवत असेल तर चौकशी करा.

नंतर डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर शेताची जागा टाका. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा ६० मीटर होते, त्याहून जवळ परवानगीशिवाय जमिनीपासूनच मनाई आहे. कराडला धावपट्टी असल्यामुळे कराडच्या आसपासच्या कॉलेजांनी आणि कारखान्यांनी नकाशा बघितल्याशिवाय तारीखच ठरवू नये. कोयना अभयारण्य, चांदोली, सागरेश्वर, कासचं पठार इथे वनखात्याची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे. धरणांजवळ तर उडवूच नका.

कायद्यापलीकडे गावाचा प्रश्न आहे. आकाशात ड्रोन दिसला की टेहळणीचा संशय येतो. आदल्या दिवशी पोलीस पाटील आणि सरपंच यांना भेटून वेळ आणि जागा सांगा, पोलीस ठाण्यात लेखी पत्र देऊन पोच घ्या. सण, यात्रा आणि निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी किंवा पोलीस ड्रोनवर बंदीचा आदेश काढू शकतात, तोही याच भेटीत कळतो.

७. विजेच्या तारांजवळून किती अंतर ठेवायचं? ड्रोनमध्ये सेन्सर आहेत ना?

सेन्सरच्या भरवशावर राहू नका. ते झाड, भिंत, खांब ओळखतात. तार पातळ असते आणि ती त्यांना दिसत नाही. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा आणि जाळीचंही तसंच. शिवाय ड्रोनच्या पडद्यावर पाहताना तुम्हालाही तार दिसत नाही, म्हणून खांब बघायचे : दोन खांब दिसले की मधे तार आहेच.

शूटिंगचा मार्ग लाईनपासून आडवा तीस मीटर लांब आखा. आपल्या बागेत पूर्वेचा ३० मीटरचा पट्टा सोडून दिला तरी ७० मीटर उरतात, ते पुरेसे आहेत. लाईन ओलांडणं टाळता येत नसेल तर नेहमी खांबाच्या माथ्यावरून ओलांडा, दोन खांबांच्या मधून नाही. माथा हा तिथला सर्वांत उंच बिंदू असतो आणि डोळ्याला दिसतो. तार त्याच्या खाली झोळ घेते. माथ्याच्या वर वीस मीटर ठेवून सरळ ओलांडा आणि पलीकडे गेल्याशिवाय उतरू नका.

ड्रोन तारेत अडकलाच तर काठी, बांबू, शिडी काहीही लावू नका. लोडशेडिंग असलं तरी लाईन कधी चालू होईल सांगता येत नाही. लोकांना लांब ठेवून महावितरणला १९१२ वर कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत थांबा.

८. परत येण्याची उंची किती ठेवायची?

सिग्नल तुटला की ड्रोन आधी त्या उंचीपर्यंत चढतो, मग सरळ रेषेत टेकऑफच्या जागी परत येतो. परिसरातलं सर्वांत उंच झाड, टाकी किंवा टॉवर पाहा आणि त्यात पंधरा मीटर मिळवा. बागेत नारळ पंधरा-वीस मीटरचा असेल तर पस्तीस मीटर ठेवा. शंभर ठेवून "सुरक्षित" राहू नका. तिथपर्यंत चढण्यातच बॅटरी जाते आणि वर वारा असतो.

ही उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते. सपाट रानात फरक पडत नाही, पण डोंगरात हेच घात करतं. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

९. आमचं शेत डोंगर उतारावर आहे. पडद्यावर ५० मीटर दिसतात, पण ड्रोन झाडांना टेकतोय असं वाटतं. का?

कारण ते ५० मीटर टेकऑफपासूनचे आहेत, ड्रोनच्या खालच्या जमिनीपासूनचे नाहीत. जावळी, पाटण, वाईच्या पश्चिमेकडे हा प्रश्न रोजचा आहे. उताराच्या पायथ्याला टेकऑफ केलं आणि शेताचं वरचं टोक ४० मीटर चढावर असेल, तर तिथे जमिनीपासून अंतर दहा मीटरच राहतं. एखादा पंधरा मीटरचा वृक्ष असला की धडक. परत येण्याची उंची ३५ ठेवली असेल तर ड्रोन डोंगराच्या एखाद्या सोंडेपलीकडे असताना सिग्नल तुटल्यावर तो थेट डोंगरात जाऊ शकतो.

म्हणून टेकऑफ शेताच्या वरच्या टोकावरून करा. मग उताराच्या खालच्या बाजूला त्याच पातळीवर जाताना पडद्यावरचा आकडा तोच राहतो, पण जमिनीपासूनचं अंतर वाढतच जातं. एक काळजी मात्र घ्यावी लागते : पठाराच्या कडेवरून दरीवर गेलात तर पडद्यावर तीस मीटर दिसत असताना खाली दोनशे मीटर असू शकतात, आणि १२० मीटरची कायदेशीर मर्यादा खालच्या जमिनीपासून मोजली जाते. पाचगणीसारख्या टेबललँडच्या कडेवरचे देखणे शॉट नेमके इथेच नियम मोडतात. कडेच्या आतच राहून दरीकडे बघणारा कॅमेरा तेच चित्र देतो.

१०. कॉलेजच्या फिल्मला हेच लागू होतं का?

मार्ग आखण्याचं तेच, पण धोके वेगळे. शेतात माणसं तीन-चार, कॅम्पसमध्ये हजार. माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही, त्यामुळे मैदानावर विद्यार्थ्यांनी अक्षर किंवा आकृती करायची असेल तर ड्रोन आकृतीच्या बाहेर, कडेपासून लांब, तिरका ठेवा. गर्दीचे तास टाळून सकाळी वर्ग सुरू होण्यापूर्वी उडवा. शाळा असेल तर मुलांच्या पालकांची लेखी संमती आधी घ्या. वसतिगृहाच्या खिडक्यांसमोरून कधीच नाही.

सर्वांत मोठी आणि विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आग्या मोहोळ. पाण्याच्या टाकीखाली, जुन्या दगडी इमारतींच्या सज्जाखाली, उंच वडा-पिंपळावर ती असतात. पंख्यांचा आवाज आणि वारा लागला की माशा उठतात आणि खाली मुलं असतात. शूटच्या आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन प्रत्येक टाकी आणि सज्जा तपासा. मोहोळ दिसलं तर त्या इमारतीचा जवळचा शॉट यादीतून काढा. उंचावरून आणि लांबून घ्या.

वसतिगृहाचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर गच्च भरलेलं असतं, तिथे चित्र तुटतं. ड्रोनमध्ये ५.८ चा पर्याय असेल तर तो निवडा. आणि टेकऑफ इमारतीच्या स्लॅबवरून किंवा गाडीच्या टपावरून करू नका : लोखंडामुळे कंपास चुकतो आणि ड्रोन वर गेल्यावर गोल गोल सरकायला लागतो. मोकळ्या मातीवर दोन बाय दोन फुटांचं प्लायवूड ठेवा, परत येण्याची जागा, म्हणजे होम पॉइंट, नोंदली गेल्याचा संदेश येईपर्यंत थांबा आणि मगच उठा.

११. बेदाण्याच्या शेडजवळ किंवा विहिरीवर खाली उडवलं तर चालेल का?

शेडजवळ नाही. रॅकवर बेदाणा वाळत असताना पंख्यांच्या वाऱ्याने उडालेली माती थेट मालावर बसते आणि ती निघत नाही. हंगामात शेडपासून तीस मीटर लांब राहा, आतली दृश्यं हातातल्या कॅमेऱ्याने घ्या. विहिरीवर दोन-तीन मीटरवरून जाऊ नका : खालचा सेन्सर जमिनीवरून एकदम खोल पाणी पाहतो, उंचीचा अंदाज बिघडतो आणि ड्रोन खाली झुकू शकतो. नदी आणि शेततळ्यावरही पाच मीटरच्या खाली येऊ नका.

१२. घार मागे लागली तर?

शूटिंग सोडा. सावकाश वर चढत टेकऑफकडे या. घारीला सरळ वर चढणं अवघड जातं. घरटं करण्याच्या काळात ती पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे दुसऱ्या बॅटरीवरही तोच कोपरा टाळा.

१३. ड्रोन उसात पडला. कसा शोधायचा?

रिमोट बंद करू नका. पडद्यावर शेवटची जागा आणि अंतर असतं, त्याचा आधी फोटो काढा. बऱ्याच ड्रोनमध्ये आवाज आणि दिवा लावण्याची सोय असते. बॅटरी निघाली नसेल तर ती चालते. तीन मीटर उसात दिशा लगेच हरवते, म्हणून एक माणूस बांधावर उभा राहून हाक देत राहील आणि दुसरा सरीच्या रेषेने आत जाईल. कराड, पाटण, शिराळ्याकडे उसात बिबट्याचा वावर आहे : अंधार पडल्यावर आत जायचं नाही, सकाळी दोघा-तिघांनी आवाज करत जायचं. सापडल्यावर फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी गाडीत घेऊ नका. उघड्यावर, वाळूच्या बादलीत ठेवा. कोणाला इजा झाली किंवा अपघात मोठा असेल तर ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर कळवणं बंधनकारक आहे.

१४. शूटिंग कोणत्या महिन्यात ठेवावं?

काय दाखवायचं त्यावर. द्राक्षबागेला ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पालवी यायला वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत मांडव भरलेला असतो, फळ पिकायच्या बेतात. बेदाण्याची शेडं फेब्रुवारी-मार्चमध्ये गजबजतात. उसाला तुरा आलेला हवा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर. सातारच्या पश्चिम भागात हिरवळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पण तेव्हा पावसाची सर आणि धुकं कधीही येतं. धुक्यात ड्रोन नजरेआड होतो आणि लेन्सवर थेंब बसतात, तेव्हा उडवायचं नाही. कृष्णाकाठी हिवाळी धुकं उन्हं वर आल्यावर विरतं. त्यामुळे हिवाळ्यात पहिलं टेकऑफ सूर्योदयाला नाही, धुकं उठल्यावर ठेवा, आणि शॉटच्या यादीत आडव्या उन्हाचे शॉट त्यानंतर लगेच लावा.